वाद रकमेचाच, एवढेच पत्राने सांगावे

आगीच्या दाव्यात विमा कंपनीने सर्व्हेअरच्या अहवालाप्रमाणे रक्कम देऊ केली, विमाधारकाला ती कमी वाटली आणि लवादाकडे जायचे ठरले, की पुढचे सारे एका पत्रावर अवलंबून असते. दाव्यांचे सल्लागार, सनदी लेखापाल आणि वकील अशा आपल्या वाचकांकडून आलेली अशी पत्रे आम्ही वाचतो तेव्हा एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. लवाद मागणाऱ्या पत्रातच लवादाला अडवणारे वाक्य असते, आणि ते लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेले नसते.

ऑक्टोबर 2023 पूर्वीच्या प्रमाणित अग्नी विमा पॉलिसीतले लवाद कलम सगळ्या वादांसाठी नाही. दायित्व मान्य असून केवळ द्यायच्या रकमेबद्दल मतभेद असेल, तरच ते लागू होते. कंपनीने दायित्व नाकारले असेल तर लवादाकडे जाता येणार नाही, असेही त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध नारभेराम पॉवर अँड स्टील’ या 2018 च्या निकालात या अटीचा शब्दशः अर्थ लावला आणि कंपनीने दावा फेटाळलेला असल्यामुळे लवाद नेमण्यास नकार दिला. म्हणून पत्र लिहिणाऱ्याने आधी स्वतःलाच विचारावे: माझा वाद रकमेचा आहे की दायित्वाचा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. भिवंडीतल्या कापडाच्या गोदामाला आग लागली. मालाची विमा रक्कम 4 कोटी होती आणि मालकाने 1 कोटी 80 लाखांचा दावा केला. सर्व्हेअरने जुना, न खपणारा माल म्हणून 15 लाख कापले आणि जळक्या मालाच्या विक्रीचे 5 लाख वजा केले. उरले 1 कोटी 60 लाख. त्यानंतर आगीच्या दिवशी गोदामात एकूण 5 कोटींचा माल होता, म्हणजे विमा कमी उतरवला होता, असे धरून त्यांनी सरासरीची अट लावली. 4 भागिले 5 म्हणजे 80 टक्के. रक्कम 1 कोटी 28 लाखांवर आली. पॉलिसीतला 5 टक्के वजावटीचा भाग गेला आणि हाती 1 कोटी 21 लाख 60 हजार उरले.

मालकाच्या दोन हरकती आहेत. त्या 5 कोटींपैकी 1 कोटीचा माल जॉबवर्कसाठी आलेला, दुसऱ्यांचा होता. त्याचा विमा या पॉलिसीत नाही आणि त्याच्या नुकसानीची मागणीही नाही. तो वगळला तर माल 4 कोटींचाच राहतो आणि सरासरीची अट लागतच नाही. दुसरी हरकत अशी, की जुना म्हणून कापलेला माल आगीच्या आधीच्या दोन महिन्यांत नेहमीच्या भावाने विकला जात होता. दोन्ही हरकती मान्य झाल्या तर 1 कोटी 75 लाखांवर 5 टक्के वजा जाऊन 1 कोटी 66 लाख 25 हजार मिळायला हवेत. फरक 44 लाख 65 हजारांचा आहे. त्यातले 30 लाख 40 हजार सरासरीच्या अटीचे आणि 14 लाख 25 हजार जुन्या मालाचे.

आता पत्र पाहा. रागाच्या भरात मालक लिहितो: ‘कंपनीने आमच्या मालाचे संरक्षण अंशतः नाकारले असून हा पॉलिसीचा भंग आहे.’ हे वाक्य कंपनीच्या वकिलाच्या हाती आयते शस्त्र देते. दायित्वच नाकारले आहे असे विमाधारक स्वतः म्हणतो, मग हा वाद लवादाचा नाही, असे उत्तर येते. खरे तर इथे कंपनीने काहीही नाकारलेले नाही. मालाची किंमत किती धरायची आणि गुणोत्तर किती लावायचे, एवढाच प्रश्न आहे. तो हिशोबाचा आहे आणि पत्रातही हिशोबाच्या भाषेतच यायला हवा: ‘आपण दावा मान्य करून 1,21,60,000 रुपये निश्चित केले आहेत. आमच्या मते देय रक्कम 1,66,25,000 रुपये आहे. 44,65,000 रुपयांच्या या फरकाबाबत पॉलिसीतील लवाद कलमानुसार आम्ही हा वाद लवादाकडे सोपवत आहोत.’ त्यासोबत वरच्या दोन हरकतींचा तक्ता जोडला की पुरे.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. सर्व्हेअरने एखादी बाब ‘या जागेचा विमाच नव्हता’ किंवा ‘हे कारण अपवादात येते’ म्हणून शून्य केली असेल, तर ती रकमेची कपात म्हणायची की अंशतः नकार, यावर कंपनी नक्की भांडणार. अशी बाब लवादाच्या पत्रात बेधडक मिसळू नये. ती वेगळी ठेवून तिच्यासाठी ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालयाचा विचार करावा, नाहीतर एका बाबीपायी सगळेच पत्र अडकते.

दुसरी अडचण डिस्चार्ज व्हाऊचरची. ‘संपूर्ण आणि अंतिम’ अशा शब्दांखाली सही झाली की वाद संपला, असे कंपनी म्हणते. ‘एसबीआय जनरल विरुद्ध कृष स्पिनिंग’ या आगीच्याच दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितले, की सही झाल्याने लवादाचा करार आपोआप संपत नाही. खरोखर समेट झाला होता का, हे लवादाने तपासायचे. हा दिलासा आहे, पण सही दबावाखाली झाली हे विमाधारकालाच दाखवावे लागते. म्हणून रक्कम स्वीकारतानाच ‘वाद राखून’ असे लेखी कळवावे आणि लवादाच्या पत्रात त्या कळवण्याची तारीख द्यावी. सहा महिन्यांनी आठवलेल्या दबावावर कुणाचा विश्वास बसत नाही.

लवादाची नेमणूकही पत्रातच मार्गी लावावी. जुन्या कलमानुसार आधी दोघांच्या संमतीने एकच लवाद. 30 दिवसांत एकमत झाले नाही तर तिघांचे मंडळ: प्रत्येकाचा एक आणि त्या दोघांनी निवडलेला तिसरा. तेव्हा पत्रात एकट्या लवादासाठी नावे सुचवावीत आणि एकमत न झाल्यास आपल्या बाजूचा लवाद कोण, हेही सांगावे. 1996 च्या कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कंपनीला पत्र मिळाले त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असे धरतात, आणि मुदतीची गणनाही त्याच दिवसाशी बांधलेली असते. म्हणून पत्र पॉलिसी देणाऱ्या शाखेला आणि नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवावे, पोच जपावी. ‘रक्कम द्या, अन्यथा कायदेशीर पावले उचलू’ अशा धमकीच्या नोटिशीला लवादाची मागणी म्हणता येत नाही.

पण हे सगळे करण्यापूर्वी आपल्या पॉलिसीत ते कलम आहे का, हे पाहावे. ऑक्टोबर 2023 मध्ये विमा नियामकाने किरकोळ पॉलिसींतून लवाद कलम काढले, आणि व्यावसायिक पॉलिसींसाठी नवा मजकूर दिला. त्यानुसार दोन्ही पक्षांना संमतीने वेगळा लवाद करार करता येतो. अशा पॉलिसीत एकतर्फी पत्राने लवाद सुरू होत नाही. कंपनीने वेगळ्या करारावर सही केली पाहिजे. त्या पॉलिसीवर जुन्या कलमाचा नमुना उतरवून पत्र धाडले, तर महिने जातात आणि मुदत मात्र चालूच राहते.

म्हणून पत्र टपालात टाकण्यापूर्वी तीन कागद शेजारी ठेवावेत: पॉलिसीतले कलम, सर्व्हेअरचा अहवाल आणि ‘वाद राखून’ कळवल्याची पोच. पत्रातले प्रत्येक वाक्य या तीन कागदांपैकी एकावर टेकलेले असावे. जे वाक्य टेकत नाही, ते बहुधा रागाने लिहिलेले असते. ते खोडावे.