हॉल तिकिटावरचे इंग्रजी

एका भगिनींनी मुलीच्या 'नीट'च्या हॉल तिकिटावरील सूचनांचा फोटो पाठवून विचारले आहे, "यात नेमके काय लिहिले आहे?" तिकीट 2025 सालच्या परीक्षेचे आहे. अशा सूचना दरवर्षी थोड्याफार बदलतात. म्हणून आमचा हा अनुवाद आपल्या मुलांच्या ताज्या तिकिटाशी ताडून पाहावा.

सर्वात जास्त घोळ वेळेचा होतो. तिकिटावर तीन वेळा आहेत. 'रिपोर्टिंग टाइम' म्हणजे केंद्रावर हजर होण्याची वेळ. ती प्रत्येकाची वेगळी असते. या मुलीची साडेअकरा आहे. 'गेट क्लोजिंग' दीड वाजता. त्यानंतर कोणालाही आत घेत नाहीत. पेपर दोनला सुरू होतो. दोनचा पेपर म्हणून पावणेदोनला पोहोचणारा बाहेरच राहतो.

आपल्या घरांसाठी एक ओळ महत्त्वाची आहे. पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात येणाऱ्यांनी शेवटच्या वेळेच्या किमान तासभर आधी, म्हणजे साडेबारापर्यंत हजर व्हावे, असे तीत म्हटले आहे. म्हणजे हिजाब किंवा बुरख्याला मनाई नाही, फक्त झडतीला वेळ हवा. मुलींची झडती बंद आडोशात, महिला कर्मचाऱ्यांनीच घ्यायची, असेही लिहिले आहे. या मुलीने साडेअकराचीच वेळ पाळली, तर दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात.

आता न्यायच्या वस्तू. मोबाइल, घड्याळ, इअरफोन, पाकीट, पट्टा, टोपी, कंपास, दागिने, धातूच्या वस्तू, खाण्याचे पदार्थ, सगळे बाद. पेनसुद्धा नको, ते केंद्रात मिळते. धातूच्या डबीतला तावीज धातूच्या वस्तूंत धरला जाईल, तेव्हा तो घरीच काढून ठेवलेला बरा. बूट नकोत, चप्पल चालते. पारदर्शक बाटलीतले पाणी नेता येते. सामान ठेवण्याची सोय केंद्रात नसते, म्हणून मोबाइल सोबतच्या माणसाकडे द्यावा.

कागदपत्रांत तिकिटाची सर्व पाने छापून न्यायची. पहिल्या पानावरच्या हमीपत्रात पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवायचा, तो अर्जात दिला होता तोच. डाव्या अंगठ्याचा ठसाही घरीच उमटवायचा. सही मात्र घरी करायची नाही! 'इन द प्रेझेन्स ऑफ द इन्व्हिजिलेटर' म्हणजे पर्यवेक्षकासमोर. पुष्कळ मुले उत्साहाने आधीच सही करून बसतात. दुसऱ्या पानावर पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चार बाय सहा इंचाचा पोस्टकार्ड फोटो लावायचा. ते पान पर्यवेक्षकाकडे जाते. हजेरीपटासाठी आणखी एक पासपोर्ट फोटो सुटा न्यायचा.

ओळखपत्र मूळच हवे. आधार कार्ड असेल तर उत्तम. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि मोबाइल तर आत जाणारच नाही.

भगिनींनी पाठवलेल्या फोटोत खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या आहेत. त्या मूळ कागदावरून पुन्हा पाठवाव्यात.