कॅमेरा बंद ठेवून गप्प बसू नका

जुलैमध्ये भाचीचा फोन आला. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात एका खेड्यात राहते, पुण्याच्या एका कंपनीत टेस्टरची नोकरी लागून तिला सहा आठवडे झाले होते. टीममध्ये नऊ जण, सगळे आपापल्या घरून काम करणारे. "मामा, मले इथं कोणी ओळखतच नाही," ती म्हणाली. "काल मॅनेजरनं विचारलं, तू कोणत्या टीममधली? मी त्याच्याच टीममध्ये आहो."

मी तिला रोजच्या सकाळच्या कॉलचं नीट सांगायला लावलं. कॉल पंधरा मिनिटांचा. ती नेमकी वेळेवर, कधी मिनिटभर उशिरा येते. कॅमेरा बंद, माईक बंद. तिची पाळी आली की म्हणते, "कालचंच काम चालू आहे, अडचण काही नाही." मग पुन्हा माईक बंद. कामात पोरगी चोख आहे, पण स्क्रीनवर तिच्या जागी एक काळा चौकोन आणि त्यावर नावाचं पहिलं अक्षर. सहा आठवड्यांत टीमला एवढीच दिसली.

मी स्वतः मार्च २०२० पासून वाशिममधून घरूनच काम करतो. पहिले दोन महिने मीही असाच काळा चौकोन होतो, आणि चांगलं काम हातून जाऊन दुसऱ्याच्या नावावर लागलेलं पाहिलं आहे. म्हणून रिसोडपासून कारंज्यापर्यंत, मानोऱ्यापासून मंगरूळपीरपर्यंत जी पोरं-पोरी, सुना घरात बसून दूरची नोकरी करताहेत, त्यांना कळकळीने सांगतो आहे. नव्या नोकरीत कॉलवर लपू नका.

कॅमेरा बंद का, तर प्रत्येक जण एकच कारण सांगतो: नेट. कारण खरं आहे, पण त्यावर तोड आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ग्रुप कॉलमध्ये सगळ्यात जास्त नेट आपला चेहरा पाठवण्यात नाही, बाकी आठ जणांचे चेहरे आणण्यात जातं. झूममध्ये `Stop Incoming Video` आणि टीम्समध्ये `Turn off incoming video` असा पर्याय आहे. तो लावला की तुम्हाला बाकीचे दिसणार नाहीत, पण तुम्ही त्यांना दिसाल. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात याचीच गरज असते.

हिशोब करून बघा. एका दिशेने सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्र गेलं तर तासाला साधारण ४५० एमबी लागतात. नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या भागाइतकंच. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तासांचे कॉल सगळं उघडं ठेवून जमणार नाहीत. मग कॅमेरा पहिली पाच मिनिटं आणि आपण बोलत असताना चालू ठेवायचा, बाकी वेळ बंद. बंद करताना चॅटमध्ये एक ओळ टाकायची: "नेट कमी आहे, कॅमेरा बंद करते, ऐकते आहे." ती ओळ नसेल तर बंद कॅमेऱ्याचा अर्थ लोक आपापल्या मनाने लावतात.

चित्रापेक्षा आवाज मोठा, हे मात्र लक्षात ठेवा. चित्र अडकलं तर लोक सांभाळून घेतात, आवाज तुटला की दोन मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं. आपल्याकडे बऱ्याच घरांवर टिनपत्रे आहेत, पावसाची सर आली की आत शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. लॅपटॉपचा माईक अशा वेळी कामाचा नाही. वायरचा साधा इअरफोन घ्या, माईक तोंडाजवळ येतो. राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा. लाइट गेली तर पंखा नसेल तरी चालेल, कॉल तुटता कामा नये. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधत बसावं लागत नाही.

भाचीची खाट खिडकीला लागून होती आणि ती खिडकीकडे पाठ करून बसायची. मागून उजेड, म्हणून चेहरा काळा. मी तिला तोंड खिडकीकडे करायला लावलं आणि लॅपटॉप दोन स्टीलच्या डब्यांवर ठेवायला सांगितला, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला येईल असा. खर्च शून्य. आणखी एक केलं. स्क्रीनवर स्वतःचं चित्र दिसतं ते लपवून टाकलं. कॉलनंतर माणूस का थकतो, यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं. त्यांनी दिलेल्या चार कारणांत सतत स्वतःकडे पाहत बसणं हे एक कारण आहे. ओढणी नीट आहे का, मागे आई दिसते का, या विचारात असलेल्या माणसाला बोलायचं सुचत नाही.

आता बोलण्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. समोरासमोर बोलताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो. जगातल्या दहा भाषांचा अभ्यास करून संशोधकांनी २००९ मध्ये हे मांडलं. कॉलवर आवाज पोहोचायलाच तेवढा किंवा जास्त वेळ लागू शकतो. तुम्हाला वाटतं जागा मिळाली, तुम्ही तोंड उघडता, तोवर पुण्याचा कोणी तरी सुरू झालेला असतो. दोघं थांबतात, "तुम्ही बोला, तुम्ही बोला" होतं, आणि नवा माणूस कायमचा मागे सरतो. यात तुमचा भित्रेपणा नाही, तारेचा उशीर आहे. म्हणून जागा मिळण्याची वाट पाहू नका, हात वर करण्याचं बटण वापरा. विंडोजच्या संगणकावर झूममध्ये `Alt+Y`, टीम्समध्ये `Ctrl+Shift+K`, मीटमध्ये `Ctrl+Alt+H`. आणि माईक उघडल्यावर पहिला शब्द बऱ्याचदा कापला जातो, म्हणून कामाचं वाक्य लगेच सुरू करू नका. आधी ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव घ्या, "सर, एक सांगायचं होतं," मग मुद्दा.

रोजच्या कॉलमध्ये सांगायचं वाक्य आदल्या रात्री लिहून ठेवा. भाचीचं वाक्य आम्ही फोनवर बसून बदललं. "कालचंच काम चालू आहे" याऐवजी: "काल पैसे भरण्याच्या पानाच्या चौदा चाचण्या केल्या, बारा पास झाल्या. दोन अडल्या, दोन्ही जुन्या मोबाइलवर. आज त्या दोनचं कारण शोधते, त्यासाठी मला एक जुना फोन असलेलं कोणी तरी हवं." पंचवीस सेकंद लागतात. यात आकडा आहे, नेमकी अडचण आहे, आणि शेवटी समोरच्याला काही करायला जागा आहे. त्या दिवशी कॉल संपल्यावर एका सहकाऱ्याचा तिला मेसेज आला, माझ्याकडे जुना फोन आहे. सहा आठवड्यांत कोणी आपणहून पाठवलेला तो पहिला मेसेज.

भाषेचं ओझंही बाजूला ठेवा. आपण वऱ्हाडी, पुण्यातले हसतील, या भीतीने कितीतरी पोरी तोंड उघडत नाहीत. हळू बोला, वाक्य लहान ठेवा, एवढंच पुरतं. आणि "वाशिम कुठे आलं?" असं कोणी विचारलं तर "अकोल्याजवळ" म्हणून विषय बंद करू नका. समृद्धी महामार्गावरून नागपूरकडे जाताना आमच्या मालेगाव-कारंज्यावरून जाता, असं सांगा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा, आणि त्याच्या कितीतरी आधी वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, ते हेच, असं सांगा. ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे. भाचीने घरच्या सोयाबीनचं सांगितलं, तर टीममधल्या एका ताईंचं माहेर बुलढाण्याचं निघालं.

यासाठीच कॉल सुरू होण्याच्या तीन-चार मिनिटं आधी या. त्या वेळात दोघं-तिघंच असतात, चहा, पाऊस, पोरांची शाळा यावर बोलतात. ऑफिसात चहाच्या टपरीवर जे होतं ते इथे याच चार मिनिटांत होतं. वेळेवर येणाऱ्याला ते कधीच ऐकू येत नाही.

पण खरी ओळख मोठ्या कॉलवर होत नाही. ती दोघांच्या कॉलवर होते, आणि तो कॉल नव्या माणसानेच मागायचा असतो. टीममध्ये तुम्ही सोडून आठ जण असतील तर आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याभरात सगळे होतात. नुसतं "ओळख करून घ्यायची आहे" असं लिहिलं तर समोरचा टाळतो, काय बोलायचं हे त्यालाही कळत नाही. असं लिहा: "ताई, मी टीममध्ये नवीन आहे. अहवाल लिहिताना तुम्ही काय बघता हे समजून घ्यायचं आहे. बुधवार किंवा गुरुवारी दुपारी पंधरा मिनिटं मिळतील का?" कॉलवर एक प्रश्न नक्की विचारा: इथे नवा माणूस कुठे अडकतो? उत्तर वहीत लिहा. पंधरा मिनिटं झाली की आपणच आवरतं घ्या. आणि जे शिकलात ते पुढच्या मोठ्या कॉलवर त्यांचं नाव घेऊन सांगा, "ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं आणि ती चूक सापडली." सगळ्यांसमोर श्रेय देणाऱ्याला माणसं विसरत नाहीत.

जमतं आहे की नाही हे कसं कळेल? तुम्ही हात वर न करता कोणी तुमचं नाव घेऊन मत विचारलं, किंवा ग्रुप सोडून थेट तुम्हाला मेसेज आला, तर गाडी रुळावर आहे. लागोपाठ तीन कॉलमध्ये तुमचं नाव कोणीच घेतलं नसेल, तर चौथ्याची वाट पाहू नका. मॅनेजरला लिहा: "शुक्रवारच्या कॉलमध्ये या आठवड्यात सापडलेल्या चुका दोन मिनिटांत दाखवू का?" दोन मिनिटांना सहसा कोणी नाही म्हणत नाही.

काही ठिकाणी मात्र हे सगळं करूनही भिंत हलत नाही. मॅनेजर स्वतःच कॅमेरा बंद ठेवतो, कॉलवर एकटाच बोलतो. अशा वेळी दोघांच्या कॉलवरच भर द्या, आणि वर्षातून एकदा तरी सगळ्यांना भेटता येईल का ते विचारा. वाशिमहून पुणे रात्रभराचा प्रवास आहे, पण एक दिवस शेजारी बसून जेवलेला माणूस नंतर कॉलवर वेगळाच बोलतो.

घरच्यांनाही माझं सांगणं आहे. सून किंवा लेक कानात वायर घालून बसली म्हणजे ती मोकळी आहे असं समजू नका. तिच्या कॉलच्या वेळा कागदावर लिहून दाराला चिकटवा. सकाळी साडेदहा ते पावणेअकरा कुकरची शिट्टी, टीव्ही आणि "जरा इकडं ये वं" बंद. भाचीच्या आजीला वाचता येत नाही, म्हणून घरच्यांनी दाराच्या कडीला लाल फडकं बांधायचं ठरवलं आहे. फडकं असलं की आजी बाहेर ओट्यावर तूर निवडत बसते आणि आलेल्या-गेलेल्याला खुणेने थांबवते.