‘गादी’ हा शब्द खोडा

सुन्नी आणि शिया या परंपरा वेगळ्या कशा झाल्या, असे शाळेत विचारले की बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर येते : ‘पैगंबरांच्या निधनानंतर गादीवरून भांडण झाले आणि मुसलमानांचे दोन पंथ पडले.’ वाक्य लहान आहे आणि पाठ करायला सोपे आहे. पण त्यातला ‘गादी’ हा शब्द चुकीचा आहे आणि पुढची सगळी समज त्यामुळेच बिघडते. गादी म्हटले की मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर साताऱ्याची आणि कोल्हापूरची गादी येते. एकच घराणे, त्यातले दोन दावेदार, वारसाहक्क आणि दत्तकविधान असे सगळे त्यासोबत येते. इसवी सन ६३२ मधल्या मदिनेत असे काहीच नव्हते. पैगंबर मुहम्मद राजे नव्हते. त्यांचे मुलगे लहानपणीच वारले होते. त्यांची जागा पुढे कोणी आणि कशी घ्यायची, याची ठरलेली रीतही नव्हती. त्यामुळे वाद फक्त माणसाच्या नावाचा राहिला नाही. ती जागा मुळात कशाची, हाच त्यातला खरा प्रश्न होता.

वर्गात हे नीट सांगायचे तर दोन प्रसंग पुरेसे आहेत.

पहिला प्रसंग गदीर खुम्म येथला. ६३२ च्या मार्च महिन्यात पैगंबर आपल्या अखेरच्या हज यात्रेहून मदिनेला परतत होते. मक्का आणि मदिना यांच्या वाटेवर पाणवठ्याच्या एका जागी त्यांनी काफिला थांबवला, अलींना जवळ घेतले आणि मी ज्याचा मौला, त्याचा अलीही मौला, अशा आशयाचे उद्गार काढले. अली त्यांचे चुलतभाऊ होते आणि त्यांच्या कन्येचे, फातिमांचे पती होते. हे उद्गार शिया परंपरेत आहेत, तसे सुन्नी हदीससंग्रहांतही आहेत. ते काढले गेले याबद्दल दोन्हीकडे मोठा वाद नाही. वाद ‘मौला’ या शब्दाचा आहे. अरबीत त्याचे अर्थ अनेक आहेत : स्वामी, पाठीराखा, जिवलग, मित्र. शिया परंपरा इथे ‘स्वामी, अधिकारी’ हा अर्थ घेते. एवढा मोठा काफिला वाटेत थांबवला, तो उत्तराधिकारी जाहीर करण्यासाठीच, असे तिचे म्हणणे. सुन्नी परंपरा ‘प्रिय, पाठीराखा’ हा अर्थ घेते. येमेनच्या मोहिमेत अलींच्या हाताखाली गेलेल्या काही जणांनी त्यांच्याबद्दल तक्रार केली होती, तिला उत्तर म्हणून पैगंबरांनी अलींवरचे प्रेम आणि विश्वास बोलून दाखवला, असे ती सांगते.

दुसरा प्रसंग त्यानंतर तीन महिन्यांच्या आतला. जूनमध्ये पैगंबरांचे निधन झाले. घरात अली आणि जवळचे नातेवाईक अंत्यविधीच्या तयारीत होते. त्याच वेळी मदिनेचे मूळ रहिवासी, म्हणजे अन्सार, बनू साइदा कुळाच्या छपराखाली, सकीफ्यात, जमले आणि आपल्यातला नेता निवडण्याचे बोलू लागले. हे कळताच पैगंबरांचे निकटचे सहकारी अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा तिकडे गेले. एक नेता आमचा, एक तुमचा, अशीही सूचना पुढे आली. कुरैश कुळाखेरीज दुसऱ्या कोणाचे नेतृत्व अरब टोळ्या मानणार नाहीत, असे अबू बक्र यांनी मांडले. मग उमर यांनी त्यांच्या हातात हात देऊन निष्ठा दिली. तिला बैअत म्हणतात. पाठोपाठ इतरांनीही बैअत दिली. ही निवड घाईत झाली होती, पुढच्यांनी सल्लामसलतीशिवाय असे करू नये, असे पुढे खुद्द उमर यांनीच सांगितल्याची नोंद सुन्नी ग्रंथांत आहे. सुन्नी परंपरेच्या दृष्टीने, फुटण्याच्या बेतात असलेला समाज त्या दिवशी सावरला गेला. शिया परंपरेच्या दृष्टीने, ज्यांची नेमणूक आधीच झाली होती ते हजर नसताना हा निर्णय झाला.

इथे वर्गाला थांबवून विचारावे : या जागेचे काम काय? सुन्नी विचारात खलिफा हा समाजाचा प्रमुख. त्याने व्यवस्था पाहायची आणि न्याय व संरक्षण यांची जबाबदारी घ्यायची. धर्माचे मार्गदर्शन कुराण, पैगंबरांचा आचार आणि विद्वानांची परंपरा यांतून मिळते. अशा प्रमुखाला समाज निवडू शकतो. शिया विचारात इमाम हा धर्माचा अर्थ सांगणारा, चुकांपासून ईश्वराने राखलेला मार्गदर्शक. असा माणूस लोकांनी निवडायचा नसतो. ईश्वराच्या इच्छेने आधीचा पुढच्याचे नाव सांगतो. ही नेमणूक घराण्यातूनच होते, पण वारसाहक्क म्हणजे इमामत नव्हे. अलींचे पुत्र हसन यांच्यानंतर इमामत त्यांच्या मुलाकडे न जाता त्यांचे भाऊ हुसैन यांच्याकडे गेली, हे इथे ध्यानात घ्यावे. म्हणजे ‘गादी’ हा शब्द दोन्हीकडे बसत नाही.

‘दोन पंथ पडले’ हे क्रियापदही घाईचे आहे. ६३२ मध्ये पंथ पडले नाहीत. अलींनी काही काळाने अबू बक्र यांना बैअत दिली, असे सुन्नी ग्रंथ सांगतात. ती उशिरा का दिली आणि कोणत्या मनाने दिली, यावर दोन परंपरांत मतभेद आहेत. अबू बक्र यांनी उमर यांचे नाव स्वतः सुचवले. उमर यांनी सहा जणांची समिती नेमली आणि तिने उस्मान यांना निवडले. तीन वेळा नेता निवडला गेला आणि तिन्ही वेळा पद्धत निराळी होती. उस्मान यांची हत्या झाल्यावर ६५६ मध्ये अली खलिफा झाले. सुन्नी त्यांना चौथे खलिफा मानतात, शिया पहिले इमाम. त्यांच्या काळात यादवी झाली आणि त्यांच्या बाजूच्या लोकांना ‘शिअत अली’, म्हणजे अलींचा पक्ष, म्हटले जाऊ लागले. ‘शिया’ हे नाव त्यातूनच आले. १० ऑक्टोबर ६८० रोजी करबला येथे उमय्या खलिफा यझीदच्या फौजेने हुसैन आणि त्यांच्या सोबत्यांना ठार केले. त्यानंतर राजकीय पक्षाला शोकाची आणि श्रद्धेची खोली आली. दोन्हींचे धर्मशास्त्र आणि कायदा यांना घडीव रूप यायला त्यानंतरही दोन-तीन शतके लागली. शियांमध्येही पुढे इमाम कोण यावरून शाखा झाल्या. मुंबईतले बोहरा आणि खोजा समाज त्यांतल्याच शाखांचे.

शिक्षकाने स्वतःला तपासण्याची सोपी खूण आहे. ‘शिया मूळ धर्मापासून फुटले’ किंवा ‘अलींचा हक्क डावलला गेला’ यांपैकी एखादे वाक्य निवेदकाच्या आवाजात आले, की तटस्थता संपली. दोन्ही वाक्यांआधी ‘यांच्या मते’ हे शब्द हवेत. आणि करबलाचे दुःख एकाच पंथाचे, असेही मुलांना वाटू देऊ नये. हुसैन पैगंबरांचे नातू, म्हणून सुन्नींनाही प्रिय आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत मोहरमचे ताबूत सुन्नी आणि हिंदू मिळून उचलतात. त्या मिरवणुकीत ‘मौला अली’ हे शब्द ऐकलेल्या मुलाला ‘मौला’चा अर्थ विचारून पाहावा. गदीर खुम्मचा प्रश्न त्याला तिथूनच कळेल.