'शुक्रवारपर्यंत' म्हणजे नक्की कधी?

"परदेशातली मुलं वेळ पाळत नाहीत." आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत हे वाक्य परवा पुन्हा ऐकलं आणि मला राहवलं नाही. उशिरा आलेल्या वह्यांवरून मी जन्मभर पोरांना ओरडलो आहे. पण मंडळी, या वेळी चूक पोराची नव्हती, आमची होती.

त्याचं असं झालं. स्मरणिकेची प्रुफं न्यू जर्सीतल्या एका विद्यार्थ्याकडे जात. आमची सूचना एवढीच, "शुक्रवारअखेर पाठवा." ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. त्यानं रात्री साडेअकराला प्रुफं पाठवली, आमच्याकडे शनिवारचे सकाळचे नऊ वाजले होते. छापखान्याचा माणूस साडेनऊला फाईल नेतो. काम झालं, सगळे खूश. पुढच्या शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, दुसरा भाग त्यानं अगदी त्याच वेळी पाठवला. तो आम्हाला मिळाला दहा वाजता! फाईल चुकांसकट गेली होती.

कारण मधल्या रविवारी, २ तारखेला, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा झालं. हे मार्चमध्ये पुन्हा उलटतं. ब्रिटनच्या तारखा वेगळ्या, मेलबर्नचं तर ऑक्टोबरात पुढे जातं. "आपण साडेनऊ तास पुढे" असं पाठ करून ठेवणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) फसायचंच.

आमच्या चिटणीसांचा उपाय काय, तर मुदत दोन दिवस अलीकडे ओढायची. मला हे साफ अमान्य आहे. खोटी मुदत एकदा कळली की खरीही कोणी मानत नाही, हे वर्गात शिकलोय. मुदत दोन्ही घड्याळांत लिहा : भारतात शनिवार ८ नोव्हेंबर, सकाळी ९, तुमच्याकडे शुक्रवार ७, रात्री १०:३०. "रात्री बारा" कधीच लिहू नका, तो कुठल्या तारखेचा बारा यावर दोन मतं होतात.

आणि विचारणा अर्धवट पाठवू नका. मी लिहिलं होतं, "फोटोखालचं नाव बरोबर आहे का?" त्यानं विचारलं, "कुठला फोटो?" तेव्हा मी झोपलो होतो. मी सकाळी उत्तर दिलं तेव्हा तो झोपायला गेला. एका प्रश्नापायी एक दिवस गेला. पान, फोटो, नाव एकाच पत्रात असतं तर?

शेवटी हेही लिहावं, की उत्तर आलं नाही तर काय करणार. साध्या लेखाला "आहे तसा छापू" चालतं. श्रद्धांजलीच्या पानाला मात्र नाही, तिथे फोन करायचा. आणि दर वेळी रात्री आपणच जागायचं हेही नको. पुढच्या खेपेला चिटणीसांनी पहाटे उठावं.