दुभाष्याचा 'मी'

मंडळी, माझी भाची कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. इंग्रजी न येणाऱ्या चिनी पेशंटचा फोन आला की भाषा मँडरिन की कँटोनीज ते विचारून ती दुभाष्याला लाईनवर घेते. दुभाषी बाई पेशंटच्या वतीने सरळ "मला चक्कर येते" असं बोलतात. हे ऐकून आमचे मेहुणे म्हणाले, "हे काय नाटक? 'त्यांना चक्कर येते' म्हटलं की झालं!" घरातल्या बऱ्याच जणांना ते पटलं. मला मात्र साफ अमान्य आहे.

व्याकरणाचं पाहू. समजा पेशंट म्हणाली, "मी वहिनीबरोबर आले होते. तिची गोळी बंद केली, माझी चालू ठेवली." आता मेहुण्यांच्या पद्धतीने सांगा: "ती वहिनीबरोबर आली होती. तिची गोळी बंद केली, तिची चालू ठेवली." कोणाची बंद, कोणाची चालू? 'मी' ठेवला असता तर हा घोळ झालाच नसता. मँडरिनमध्ये तर 'तो' आणि 'ती' दोन्हींचा उच्चार एकच, 'था'. लिहिताना अक्षर वेगळं असतं, पण फोनवर अक्षर दिसत नाही. मुळातच इतके 'था' असताना पेशंटचा 'मी'सुद्धा तृतीय पुरुषात का ढकलायचा?

मेहुण्यांचा दुसरा प्रश्न: मग दुभाष्याला स्वतः काही विचारायचं असेल तर? त्याचीही सोय आहे. ती स्वतःलाच तृतीय पुरुषात घालते. पेशंटला दहाची वेळ हवी आहे असं धरा. मँडरिनमध्ये चार म्हणजे 'सी' आणि दहा म्हणजे 'शी', पण दक्षिणेकडचे बरेच लोक दोन्हींना 'सी'च म्हणतात. फरक उरतो तो फक्त सुराचा: चारचा उतरता, दहाचा चढता. खरखरणाऱ्या फोनवर तो निसटतो, आणि दवाखान्यात दहा व चार या दोन्ही वेळा असतात! अशा वेळी चांगली दुभाषी अंदाज करत नाही. ती रिसेप्शनिस्टला सांगते, "दुभाषी वेळेची खात्री करून घेत आहे," आणि मग पेशंटला विचारते, "सकाळी की दुपारी?" म्हणजे 'मी' पेशंटचा, 'दुभाषी' ती स्वतः. कोण बोलतंय याचा गोंधळ नाही, आणि तिघांपैकी कोणाच्या पाठीमागे काही बोलणंही नाही.

नवख्या पेशंटला हा 'मी' चमत्कारिक वाटतो, हे खरं. म्हणून ही पद्धत सुरुवातीलाच एका वाक्यात सांगावी. ते वाक्य गाळणाऱ्या दुभाष्यांवर जरूर रागवा, पण पद्धतीवर नको.

"त्यापेक्षा घरच्या मुलाने सारांश सांगावा" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: सारांशात आधी गळतं ते पेशंटला सांगायला लाज वाटलेलं वाक्य. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

असो. मेहुणे, आता बोला!