रुईचा कडवा, घोळीचा चांदवा

आमच्या अमरावती-अकोल्याकडे पावसाळ्यानंतर रुईभोवती नारिंगी फुलपाखरे फिरतात. हा बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईची पाने खाते आणि त्यांतले विष अंगात साठवते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

छोट्या चांदव्याची अळी आपण भाजी करतो ती घोळ खाते, म्हणून तो विषारी नसतो. पण त्याची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसते आणि बचावते. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा.

आम्ही दोघांना मागच्या पंखावरून ओळखतो. कडव्याच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, मादीच्या पंखावर वरच्या कडेला एकच. नकली फुलपाखरे फार वाढली, की पक्ष्यांची भीती मोडते आणि खऱ्या कडव्यालाही चोच बसते.