नुसतं "बोला" म्हणून भागत नाही

हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "आता लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही सोय झाली. फोनशी नुसतं बोलायचं!" हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच माणूस अडकतो.

उदाहरण पैशाचंच घेऊ. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या बटणांच्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केलं. कल्पना उत्तमच. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको. त्यातल्या एका पद्धतीत ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, पलीकडून आवाज सांगेल तसं करत जायचं, की पैसे रवाना! पण त्याआधी पिन तयार करावा लागतो. कार्डावरून करायचा तर शेवटचे सहा आकडे, मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि वर ओटीपी. हा ओटीपी येतो एसएमएसने. म्हणजे वाचायलाच!

आता कुणी म्हणेल, अक्षर न येणाऱ्यांनाही आकडे कळतात की. कळतात. आमच्या पाटसच्या बाजारात अंगठा करणारी बाई नोटा बिनचूक मोजते. पण इंग्रजी मजकुराच्या मधोमध बसलेले नेमके सहा आकडे हुडकणं आणि चालू फोनवरच ते दाबणं, ही वेगळी गोष्ट आहे. मग नातवाला हाक मारावी लागते. ओटीपी नातू वाचतो, पिनही तोच ठरवतो. बाईचं खातं बाईचं राहिलं कुठे? हाच ओटीपी फोन करून सावकाश दोनदा ऐकवला असता तर? ते काही अवघड नाही.

दुसरी अडचण खास आपल्या मराठीची आहे. हल्ली नुसतं बोलून पैसे पाठवायच्या गोष्टी चालल्यात. बोला, पण आकडा कसा बोलणार? आपल्याकडे ३२५ ला सव्वातीनशे म्हणतात, ३५० ला साडेतीनशे, २७५ ला पावणेतीनशे. फोनवर पहिला शब्द नीट उमटला नाही, की तिन्हींचे 'तीनशे'च होतात! साध्या फोनच्या लाइनवरून आवाजातला बारीक, उंच भाग जात नाही, आणि 'स'चा सगळा जीव त्या भागात असतो. त्यामुळे 'साठ'चा 'आठ' व्हायला वेळ लागत नाही.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? ते मुलांच्या सोयीसाठी होतं. आता मशिनच्या सोयीसाठी म्हाताऱ्यांनी 'तीन दोन पाच' म्हणायला शिकावं, असं कुणी सुचवलं तर माझा ठाम विरोध आहे. सव्वा, दीड, अडीच हे मशिनने शिकावं.

आणि ऐकलेला आकडा परत ऐकवावा. तोही दोन तऱ्हांनी. "सव्वातीनशे रुपये. म्हणजे शंभराच्या तीन नोटा आणि वर पंचवीस. बरोबर आहे का?" मग स्पष्ट 'हो' येईपर्यंत पैसे हलवू नयेत. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. दोनदा चुकलं, तर मशिनने बाजूला व्हावं आणि माणसाला जोडून द्यावं. पिन मात्र कधीही तोंडाने विचारू नये. तो बटणांवरच दाबायचा, नाहीतर दुकानात उभे असलेले सगळेच ऐकतील.

माणसाला जोडणं ही चैन नाही. शेतकऱ्यांसाठीचं किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, हे २००४ पासून चालू आहे. तिथे आपल्या भाषेत बोलणारा माणूस असतो. "उसाची पानं पिवळी पडलीत" म्हटलं, की तो उलट विचारतो, "खालची की वरची?" हा उलट प्रश्न फार मोलाचा आहे. नुसत्या 'एक दाबा, दोन दाबा'ने तो साधत नाही. निदान ते सांगताना तरी काम आधी आणि बटण नंतर सांगावं. "पैसे पाठवायचे असतील तर एक दाबा" असं. उलटं सांगितलं, की काम ऐकेपर्यंत 'एक' विसरायला होतं.

मास्तरांना कुणी म्हणेल, मग वाचायलाच शिकवा की त्यांना. शिकवायलाच हवं, जन्म त्यातच गेला. पण सत्तरीतल्या बाईने आधी बाराखडी गिरवावी आणि मग स्वतःच्या खात्यातले पैसे पाठवावेत, हा कुठला न्याय?

तेव्हा 'सोय झाली' म्हणण्याआधी एकच परीक्षा घ्यावी. नातू घरी नसताना, चष्मा न लावता, पहिल्या फोनपासून पैसे पोचल्याचं कानाने ऐकेपर्यंत सगळं काम एकटीला जमलं का? जमलं तर सोय. नाहीतर ती जाहिरात.